घड्याळ लावून लिहिणं: अवघड प्रसंगानंतर तुम्ही कसं लिहिलंत?

रानवाट
मनात रुतलेल्या एकाच प्रसंगावर ठरावीक मिनिटं, सलग काही दिवस लिहायचं, असं ज्यांनी केलंय त्यांच्यासाठी हा धागा. पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची. त्यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस लिहिलं होतं. 'छान वाटलं' एवढ्यावर थांबू नका. केव्हा बसलात, काय लिहिलंत, कुठे अडलं ते सांगा.

खडूस कारकून
सोप्पंय हो. नोकरी गेली तेव्हा रोज रात्री साहेबाला वहीत शिव्या घालायचो, तासन् तास. वाफ निघून गेली की झालं. झोप मात्र उडायची, ते वेगळं.

निशिगंध
मी समुपदेशक आहे. कारकूनदादा, ते 'वेगळं' नाही. त्या प्रयोगात एका गटाने फक्त घटना लिहिली, दुसऱ्याने फक्त भावना, तिसऱ्याने दोन्ही. पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडच्या खेपा कमी झाल्या त्या दोन्ही लिहिणाऱ्यांच्या. लिहून उठल्यावर मात्र त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. म्हणजे नुसती वाफ सोडून भागत नाही. पुढे लोकांचे कागद शब्दाशब्दाने तपासले, तेव्हा दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'आता कळतंय' असले शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. आणि तासभर नको, १५-२० मिनिटं पुरेत. झोपायच्या तोंडावर तर नकोच.

नोकरी गेलेल्यांवरही १९९४ साली असा अभ्यास झालाय, अमेरिकेतल्या कामावरून काढलेल्या इंजिनिअरांवर. मनातलं लिहिणाऱ्यांपैकी जास्त जणांना पुढे नोकरी लागली, आणि त्यांनी अर्ज काही जास्त केले नव्हते.

उंबरठा
माझा पाचव्या महिन्यात गर्भ गेला. घरात कुणी विषय काढायचं नाही. वर्षभराने लिहायला बसले. दुपारी, मुलगी शाळेत असताना, फोनवर १५ मिनिटांचा गजर लावून. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली, मग चहा, आणि थोडा वेळ कुणाशी बोलणं नाही.

पहिल्या दिवशी नुसता क्रम आला. सोनोग्राफी, डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली, नर्स माझ्या पोटावरची जेल पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी सगळा राग नवऱ्यावर: 'मी आत पडलेय आणि हा बिलाच्या काउंटरवर.' तेच वाक्य पानभर. तिसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच्या बाजूने लिहिलं. 'तो काउंटरवर गेला, कारण तिथे निदान काहीतरी करता येत होतं.' हे लिहीपर्यंत मला सुचलंच नव्हतं. राग गेला असं नाही, पण त्याला विचारता आलं. शेवटच्या दिवशी आजीचं एक मूल गेल्याचं आठवलं. तिनेही कधी त्याचा उल्लेख केला नव्हता. कागद फाडून टाकले. कुणी वाचणार नाही हे ठरलेलं होतं म्हणूनच लिहिता आलं.

पानसुपारी
शाईचं पेन बरं की बॉलपेन? आणि माझ्या आईला लिहिता येत नाही, तिने काय करायचं? बाबा गेल्यापासून गप्प असते.

निशिगंध
पेन कुठलंही चालेल. शुद्धलेखन बघायचं नाही, हात थांबवायचा नाही. सुचेना झालं तर आधीचं वाक्य पुन्हा. आईंना फोनवर एकटीने बोलून रेकॉर्ड करता येईल, तसेही प्रयोग झालेत. पण त्यांना हवं असेल तरच.

एकटा डोंगर
उलटा अनुभव. घटस्फोटानंतर लगेच लिहिलं. 'असं का झालं' याचं दळण दळत बसलो, जास्तच खचलो.

निशिगंध
हे खरंच होतं. नुकत्याच विभक्त झालेल्यांवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात, जे आधीच कारणं शोधत बसले होते त्यांना भावना लिहिण्याने त्रासच झाला. त्यांच्यापैकी ज्यांना दिवसभरात काय केलं एवढंच लिहायला दिलं, ते पुढे बरे राहिले. एरवीही सगळे अभ्यास मिळून सरासरी फायदा लहानच दिसतो. ताज्या घावावर घाई नको. लिहिताना तोल जातोय असं वाटलं तर तिथेच विषय बदला. प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडू लागत असेल, तर एकट्याने नको, उपचारकासोबतच.

खडूस कारकून
पण आपण दळण दळतोय हे कळायचं कसं?

निशिगंध
पहिलं आणि तिसरं पान शेजारी ठेवा. तीच वाक्यं, तोच माणूस दोषी, नवीन 'कारण' एकही नाही, तर थांबा.

उंबरठा
निशिगंधताई, इथे मी अडखळते. माझं दुसऱ्या दिवसाचं पान तर तसंच होतं. तिथेच थांबले असते तर?

एकटा डोंगर
आणि मी तिथे थांबलो नाही, म्हणून आणखी गाळात गेलो.