रशियन आभारपत्रात 'वाम' लिहावे की 'वास'?

कज़ानहून_परत: विद्यार्थी-विनिमयाच्या निमित्ताने मी दहा महिने कज़ानला एका कुटुंबात राहून गेल्या महिन्यात नाशिकला परतले. आता तिथल्या काका-काकूंना आभाराचे पत्र लिहिते आहे. 'पाहुणचाराबद्दल तुम्हाला धन्यवाद देते' या अर्थी मी पहिलेच वाक्य 'ब्लगदर्यू वाम ज़ा गस्तिप्रिइम्स्त्वा' असे लिहिले, तर रशियन शिकणाऱ्या मैत्रिणीने 'वाम' खोडून 'वास' केले. मात्र 'स्पसीबा वाम' हे मी त्या घरात रोज ऐकत होते. मग चूक कुठे झाली?

गोदाकाठ: माझ्या मते 'आभार मानणे' हेच शुद्ध असून 'आभार व्यक्त करणे' टाळावे.

कज़ानहून_परत: प्रश्न रशियन शब्दांचा आहे, मराठी क्रियापदाचा नव्हे.

जुना_विद्यार्थी: मैत्रीण चुकली आहे. रशियनमध्ये आभार नेहमी चतुर्थीत मानतात, त्यामुळे 'वाम' बरोबर आहे. मॉस्कोत शिकत असताना वसतिगृहाच्या बाईंना मी सहा वर्षे 'स्पसीबा वाम' म्हणत होतो आणि त्यांनी कधी हटकले नाही.

दुभाषी: 'स्पसीबा'पुरते आपले म्हणणे खरे आहे, पण 'नेहमी' हा शब्द मागे घ्यावा लागेल. 'स्पसीबा' म्हणताना आपण आभार कुणाला तरी देत असतो, म्हणून तिथे 'वाम' येते. 'ब्लगदर्यू' हे मात्र सकर्मक क्रियापद आहे. ज्याचे आभार मानायचे तो माणूसच त्याचे कर्म असतो, म्हणून 'ब्लगदर्यू वास'. मराठी माणूस इथे हमखास घसरतो, कारण 'मी तुम्हाला पाहिले' आणि 'मी तुम्हाला पुस्तक दिले' या दोन्ही वाक्यांत आपल्याला एकच 'तुम्हाला' पुरतो. रशियन माणूस पहिल्यात 'वास' आणि दुसऱ्यात 'वाम' म्हणतो. द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय आपल्याकडे सारखेच असल्याने हा फरक कानाला जाणवतच नाही.

यात आणखी एक चकवा आहे. शेवटचा स्वर बदलून 'ब्लगदर्या वाम' म्हटले तर तेही शुद्धच आहे, पण त्याचा अर्थ 'तुमच्यामुळे' असा होतो. 'ब्लगदर्या वाम मी बोलायला शिकले' हे म्हणता येते. तुम्ही दोन्ही रचना ऐकल्या असणार आणि लिहिताना एकीचे क्रियापद नि दुसरीचे सर्वनाम जुळवले असणार.

कज़ानहून_परत: अगदी असेच झाले असावे. मग 'मी कृतज्ञ आहे' असे लिहिले तर?

दुभाषी: तेव्हा पुन्हा 'वाम'च येईल, कारण ते विशेषण आहे. तुम्ही मुलगी असल्यामुळे 'या ब्लगदार्ना वाम' लिहा. मुलगा असता तर 'ब्लगदारेन' झाले असते. मराठीतला 'कृतज्ञ' लिंगानुसार बदलत नाही, म्हणून हे ध्यानात राहत नाही.

कज़ानहून_परत: पुढे 'मला पेल्मेनी वळायला शिकवल्याबद्दल' असे वाक्य आहे. काकू कणकेच्या लहानशा चकतीत खिमा भरून कडा दाबायच्या आणि मग दोन्ही टोके बोटाभोवती वळवून एकमेकांना चिकटवायच्या. माझी पेल्मेनी उकळत्या पाण्यात उघडी पडायची. मी 'बद्दल'साठी 'ज़ा' घेऊन पुढे सरळ 'नऊचिली' हे क्रियापद जोडले आहे.

दुभाषी: 'ज़ा'ला पुढे नाम लागते. पाहुणचार हे नाम आहे, म्हणून तुमचे पहिले वाक्य त्या बाबतीत बिनचूक आहे. क्रियापद आले की 'ज़ा तो, श्तो' असा दुवा घालावा, किंवा आणखी सहज म्हणजे 'स्पसीबा, श्तो नऊचिली मेन्या' असे लिहावे. घरच्या पत्रात मला यातले दुसरे आवडेल. पेल्मेनीच्या वाक्यात 'ब्लगदर्यू' आले तर ते सत्कारसमारंभातले भाषण वाटेल.

जुना_विद्यार्थी: 'वास'चे मान्य. मायन्यात काकूंच्या नावापुढे पितृनाम घालायला विसरू नका. मात्र आपल्याकडच्या सवयीने तिथे नवऱ्याचे नाव घालू नका. लग्नानंतरही त्यांच्या नावापुढे वडिलांचेच नाव राहते.

दुभाषी: ही सूचना योग्य आहे. पण दहा महिने त्यांना नुसत्या नावाने किंवा 'त्योत्या', म्हणजे 'काकू', म्हणून हाक मारली असेल, तर पत्रात एकदम पितृनाम आले की त्यांना अंतर पडल्यासारखे वाटेल. जी हाक घरात होती तीच ठेवावी.

कज़ानहून_परत: 'त्योत्या' म्हणत होते, तेच ठेवते. शेवटी 'मी तुमची कायम ऋणी राहीन' असे लिहायचे आहे.

दुभाषी: 'व दल्गू पिरिद वामी' अशी रचना रशियनमध्ये आहे, परंतु तिच्यातले 'कर्ज' मला या पत्रात जड वाटते. मी 'स्पसीबा ज़ा फ्स्यो', म्हणजे 'सगळ्याबद्दल धन्यवाद', एवढेच ठेवेन.

जुना_विद्यार्थी: मला ते मुळीच जड वाटत नाही. दहा महिने घरात ठेवून घेतलेल्या माणसांना एवढे म्हटलेच पाहिजे.

कज़ानहून_परत: पहिले वाक्य 'ब्लगदर्यू वास' असे सुधारले आहे आणि पेल्मेनीचे 'स्पसीबा, श्तो' लावून पुन्हा लिहिले आहे. ऋणाची ओळ तूर्त पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.