मदत हवी आहे: १५ मिनिटांच्या चार्टवर कोणता इंडिकेटर लावू?

शिफ्टवाला_चाकण
नमस्कार मंडळी. तीन महिने इंट्राडे करतोय, आठ हजार गेले. आता नीट नियम लिहून काढायचे ठरवलंय. १५ मिनिटांच्या चार्टवर ९ आणि २१ चा ईएमए लावू की सुपरट्रेंड? स्टॉपलॉस किती ठेवू? फक्त सेटिंग सांगा, सोमवारपासून सुरू करायचंय. "आधी शिका" असं कृपया सांगू नका, व्हिडिओ भरपूर पाहून झालेत.

सांगलीचे_काका
मी निवृत्तीनंतर सहा वर्षं इंट्राडे करतोय. दोनच शेअर बघतो, तेच रोज. पहिल्या पंधरा मिनिटांची वरची-खालची पातळी आखायची, ती तुटली की आत, दुपारी तीनला बाहेर. सुपरट्रेंड वगैरे काही लागत नाही. सव्वानऊ ते साडेतीन खुर्चीवरून हलायचं नाही, एवढं पाळलंस की झालं.

रेवती_कुडाळ
सेटिंग नंतर बघू. तुम्ही काही सांगितलंच नाहीये. नोकरी आहे का? बाजार चालू असताना फोन हातात असतो का? पैसे किती, आणि त्यातले वर्षभर लागणार नाहीत असे किती?

शिफ्टवाला_चाकण
नोकरी आहे, शिफ्टमध्ये. दोन लाख आहेत. पण याचा ईएमएशी काय संबंध?

नीलिमा_ठाणे
दोन लाख असतील तर पीपीएफमध्ये टाका आणि उरलेल्याची इंडेक्स फंडात एसआयपी करा. माझ्या मिस्टरांनी शेअरमध्ये हात पोळून घेतले, म्हणून जीव तोडून सांगतेय.

थेटा_भाऊ
शिफ्ट असेल तर ऑप्शन विकणं हाच मार्ग. बाजार थोडा वर-खाली होवो की जागेवर राहो, वेळ आपल्या बाजूने असतो. दहापैकी सात-आठ वेळा पैसे मिळतात. निफ्टीची आयर्न कॉन्डॉर टाकायची, म्हणजे वरचा-खालचा ऑप्शन विकायचा आणि त्यांच्या पलीकडचे विकत घ्यायचे, आणि कामाला जायचं. दोन्ही बाजूंना हेज असल्यावर मार्जिनही कमी लागतं.

रेवती_कुडाळ
थेटा_भाऊ, यशाचं प्रमाण जास्त असतं हे बरोबर, मार्जिनचंही बरोबर. पण एका डावात किती जातं ते बघा. निफ्टीचा लॉट ६५ चा. स्ट्राइकमध्ये २०० पॉइंटचं अंतर ठेवलं आणि एकूण ५० पॉइंट प्रीमियम मिळाला, तरी बिनसलं की १५० गुणिले ६५, म्हणजे ९,७५० रुपये जातात. लॉट अर्धा करता येत नाही. ४ जून २०२४ ला निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के पडला होता. तेव्हा कामावर असलेल्या माणसाने काय सांभाळलं असतं?

शिफ्टवाला, संबंध आहे. शिफ्ट कुठल्या, आणि दोन लाख सगळे मोकळे आहेत का?

शिफ्टवाला_चाकण
बरं, सगळंच सांगतो. पहिली ७ ते साडेतीन, दुसरी ३ ते साडेअकरा, तिसरी रात्री ११ ते सकाळी ७. दर आठवड्याला बदलते. शॉपफ्लोअरवर मोबाईल नेऊ देत नाहीत. दोन लाखांपैकी ८० हजार जूनमध्ये मुलीच्या अ‍ॅडमिशनला लागतील. तोपर्यंत पडूनच आहेत म्हणून खात्यात ठेवलेत.

कोथरूडवाला
चाकणला तिसरी शिफ्ट म्हणजे हाल. सकाळी सातला सुटून तळेगाव चौक ओलांडायलाच अर्धा तास जातो. मी चार वर्षं केलंय ते.

शिफ्टवाला_चाकण
अर्धा तास कमीच सांगितलात दादा.

रेवती_कुडाळ
मग भांडवल १,२०,००० धरा. ते ८० हजार उद्याच बँकेत परत घ्या. खात्यात राहिले तर तोटा भरून काढायला तेच वापरले जातील.

वेळ मोजताना बरा आठवडा नाही, सर्वांत वाईट आठवडा धरायचा. तुमच्या पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात सव्वानऊ ते साडेतीन शून्य मिनिटं मिळतात. त्यामुळे काकांची पद्धत त्यांच्यासाठी कितीही चांगली असली तरी तुमची होऊ शकत नाही.

आता खर्च. पाचपट मार्जिन घेऊन एक लाखाचा सौदा करत असाल ना? वीस अधिक वीस ब्रोकरेज, विक्रीवर एसटीटी २५, बाकी जीएसटी, स्टँप ड्युटी, एक्स्चेंजचे शुल्क धरून घेणं-विकणं मिळून ऐंशीच्या वर जातात. अर्ध्या टक्क्याचा स्टॉपलॉस म्हणजे ५०० रुपयांची जोखीम, तिच्या सहाव्या भागाइतका खर्च आधीच गेला. तेच डिलिव्हरीत १५,००० चा शेअर ८ टक्के स्टॉपने घेतला तर जोखीम १,२०० आणि खर्च साधारण ५०, कारण बऱ्याच डिस्काउंट ब्रोकरांकडे डिलिव्हरीला ब्रोकरेज नसतं. त्यात एसटीटी दोन्ही बाजूंना आणि विकताना डीपी चार्ज मोठा. जोखमीच्या मानाने हा खर्च साधारण चोविसावा भाग.

एक काम करा. तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट काढा. किती सौदे, किती फायद्यात, किती तोट्यात, सरासरी किती. आणि प्रत्येकासमोर त्या आठवड्याची शिफ्ट लिहा.

शिफ्टवाला_चाकण
दोन तास गेले पण काढलं. एकूण ४३ सौदे. २६ फायद्यात, सरासरी ३१० रुपये. १७ तोट्यात, सरासरी ७४०. खर्च ३,४०० च्या आसपास.
पहिल्या शिफ्टला सौदेच नाहीत. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यांत २०, त्यातले १५ फायद्यात. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यांत २३, त्यात फक्त ११ फायद्यात.
हे मला माहीतच नव्हतं. रात्रपाळी करून आलो की वाटायचं, आज दिवसभर घरी आहे, बाजार बघायला पूर्ण वेळ आहे.

रेवती_कुडाळ
तो वेळ झोपेचा आहे. रात्रभर जागलेला माणूस साडेदहाला स्टॉप काढून टाकतो. तुमचा ७४० चा सरासरी तोटा तिथूनच आला असेल. स्टॉप खाली सरकवला होतात ना?

शिफ्टवाला_चाकण
हो. चार-पाच वेळा. एकदा काढूनच टाकला होता.

सांगलीचे_काका
मग दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यातच इंट्राडे कर! वीसपैकी पंधरा बरोबर येणं म्हणजे थट्टा नव्हे. मला तरी एवढं जमत नाही.

रेवती_कुडाळ
काका, सरासरी तीच धरली तर १५ गुणिले ३१० म्हणजे ४,६५०. वजा ५ गुणिले ७४०, म्हणजे ३,७००. राहिले ९५०. वीस सौद्यांचा खर्च १,६००. पंचाहत्तर टक्के बरोबर येऊनही साडेसहाशेचा तोटा.

सांगलीचे_काका
हे मी असं कधी मांडून पाहिलं नव्हतं. माझा सौदा मोठा असतो, म्हणून ब्रोकरेज जाणवत नसेल. आज माझ्याही नोट काढतो.

घाटावरचा
मग उत्तर सरळ आहे. साप्ताहिक चार्ट. शनिवारी एक तास, ५२ आठवड्यांचा उच्चांक मोडणारे शेअर, १५-१५ हजारांचे सहा-सात. सोमवारसाठी रविवारी एएमओ टाकायची, म्हणजे बाजार बंद असतानाच ऑर्डर देऊन ठेवायची. मी हेच करतो, गेल्या वर्षी एका शेअरने बाकी सगळ्यांचा तोटा भरून काढला.

रेवती_कुडाळ
वेळेला बसतं, पैशाला बसतं. पण त्यांचे आकडे पुन्हा वाचा. शंभरात साठ वेळा ते फायद्यात आहेत आणि तरी तोट्यात, कारण ३१० दिसले की विकून मोकळे होतात. बरोबर ठरणं त्यांना आवडतं. ट्रेंडच्या पद्धतीत दहापैकी चारच बरोबर येतात. सलग सहा तोटे झाले की हा माणूस सातवा सौदा घेणार नाही, आणि नेमका तोच चालेल.
मी म्हणेन घसरणीत घेणं. शेअर २०० दिवसांच्या सरासरीच्या वर, तीन-चार दिवस पडलेला, असा घ्यायचा आणि ५ दिवसांच्या सरासरीवर बंद झाला की दुसऱ्या दिवशी विकायचा. बहुतेक वेळा छोटा फायदा होतो. निर्णय बाजार बंद झाल्यावर, ऑर्डर एएमओने.

घाटावरचा
म्हणजे त्यांची खोड तशीच राहू द्यायची? आणि ही पद्धत रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं मागते. दुसऱ्या शिफ्टला रात्री बारा वाजता घरी आल्यावर कोण बघणार? शिवाय १५,००० वर ३ टक्के म्हणजे ४५०, त्यात खर्च ५०. नववा हिस्सा गेला. आणि घसरणीत घेतलेला एखादा शेअर पडतच राहतो, तिथे स्टॉप काढायची सवय सगळं खाते. माझ्याकडे खर्च नगण्य आहे.

रेवती_कुडाळ
खर्चाचं मान्य. स्टॉपचंही मान्य, ते मला आधी सांगायला हवं होतं. रोजचं काम मात्र सकाळी आठलाही होतं, तेव्हा ते घरी असतात. पहिल्या शिफ्टला संध्याकाळी. खोडीबद्दल माझं मत वेगळं आहे. दोन वर्षं स्वतःशी भांडून मी साप्ताहिक सोडलं. नियम चांगले होते, मला पाळता येत नव्हते.

थेटा_भाऊ
दोन्हीत रात्रीचा गॅप आहेच की. मला ४ जून सांगता, मग तुमचा स्टॉप काय करणार?

रेवती_कुडाळ
गॅप आहे, पण १५ हजारांवर आहे. स्टॉप जीटीटीने टाकायचा, म्हणजे ठरवलेला भाव आला की ऑर्डर आपोआप जाते, आणि त्यात दोन गोष्टी लोक चुकतात. ट्रिगर लागला की लिमिट ऑर्डर जाते. ट्रिगर ९२ आणि लिमिट ९१.५० ठेवली आणि शेअर ८५ ला उघडला, तर ऑर्डर तशीच लटकून राहते आणि शेअर अजून खाली जातो. लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली ठेवा. दुसरं, डीडीपीआय म्हणजे शेअर विकताना डीमॅटमधून काढायची ब्रोकरला एकदाच द्यायची परवानगी, ती दिलेली नसेल तर विकायच्या आधी टीपिन टाकून परवानगी द्यावी लागते. मोबाईल लॉकरमध्ये असताना ती कोण देणार? विक्रीची ऑर्डर रिजेक्ट होते आणि तुम्हाला साडेतीनला कळतं.

शिफ्टवाला_चाकण
डीडीपीआय माझं नाहीये, आत्ता बघितलं. फॉर्म आज भरतो. ८० हजार काढायची रिक्वेस्ट टाकली.
सोमवारपासून पहिली शिफ्ट आहे, म्हणजे तसंही सौदा नाही. घाटावरचा आणि रेवतीताई, दोघांचंही पटतंय. सहा तोटे सलग सोसेन का, खरंच माहीत नाही. आतापर्यंत सलग तीनच झालेत आणि चौथ्याला मी स्टॉप काढला होता.

घाटावरचा
मग पाच हजारांच्या सौद्यांनी साप्ताहिक करून बघा. खर्च टक्क्यात थोडा जास्त बसेल, डीपी चार्ज शेअर कितीचाही असला तरी तेवढाच. पण सहा तोटे कसे वाटतात ते खऱ्या पैशांवरच कळतं.

रेवती_कुडाळ
यावर माझा आक्षेप नाही. पण ८ टक्के स्टॉप असेल तर पाच हजारांवर तोटा ४०० चा. ७४० सोसलेल्या माणसाला ४०० ने काही कळेल का, शंका आहे.

नीलिमा_ठाणे
मुलीची फी बाजूला काढलीत ते वाचून बरं वाटलं.

बीडचा_अमोल
माझी सुट्टी मंगळवारी असते, बाकी दिवस दुकान. भांडवल ४० हजार. मी यातलं कुठलं करू?

रेवती_कुडाळ
अमोल, दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं का? आणि ४० हजार दुकानाच्या मालाचे आहेत की वेगळे?