हगवण लागलेल्या वासराचं दूध तोडायचं की नाही?

गोठा_सांगली: वासराला हगवण लागली की दोन दिवस दूध बंद, फक्त ओआरएस. आतड्याला आराम मिळतो. दूध पाजाल तर हगवण थांबणारच नाही. इथं उगाच घोळ घालतात लोक.

पशुवैद्य_नगर: या सल्ल्यानं वासरं उपाशी मरतात. माणसांच्या ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. म्हणजे दोन लिटर पाजलं तरी सत्तावीस ग्रॅमच. दोन लिटर दुधात मात्र पाव किलोच्या आसपास घन पदार्थ असतात. दूध तोडल्यावर शेण घट्ट दिसतं, कारण पोटात काही जातच नाही. तिकडे वासराचं वजन उतरत असतं.

चाळीस किलोचं वासरू धरा. डोळे थोडे आत गेलेत, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसत नाही. साधारण आठ टक्के पाणी गेलंय, म्हणजे तीन लिटरच्या वर. शिवाय हगवणीतून रोज जातंय ते वेगळं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला दोन-दोन लिटर दूध, दहाला, दोनला आणि रात्री दहाला दोन-दोन लिटर कोमट ओआरएस. साधं पाणी समोर कायम.

रेडकू_प्रेमी: एवढी वेळापत्रकं कोण पाळणार? मी ओआरएस दुधातच कालवतो. आमचं रेडकू तसंच पितंय, कालपासून.

पशुवैद्य_नगर: अहो, दुधात कालवू नका! मिश्रण फार खारट-गोड होतं आणि आतड्यात उलट पाणी ओढलं जातं. ओआरएसची पुडी पाण्यातच, पुडीवर लिहिलेल्या मापात.

दूधवाला_बारामती: पण माणसांच्या ओआरएसमध्ये आम्लता उतरवणारा भाग कमी असतो. वासरांसाठीचं घ्या, सोडा असलेलं.

पशुवैद्य_नगर: अर्धं बरोबर. आम्लता खरीच चढते, पण सोडा पोटातल्या दुधाचं दही होऊ देत नाही, म्हणून दूध आणि ते यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं.

गोठा_सांगली: अंतर! आणि गायीखाली पिणाऱ्या वासराला कसं अडवणार?

दूधवाला_बारामती: खरं कारण वेगळंच आहे. दूध तोडलं की तेवढं डेअरीला जातं. गोऱ्हा असेल तर विचारूच नका. आतड्याच्या आरामाचं नाव पुढं करतात!

गोठा_सांगली: आरोप करू नका. आमच्याकडे कालवडी आहेत आणि त्या जगतात.

पशुवैद्य_नगर: भांडू नका, बोट तोंडात घालून बघा. जोरात चोखलं तर तोंडानं पाजा. चोखतच नसेल, तोंड थंड असेल, उभं राहत नसेल तर शिरेतून सलाईन लागतं, डॉक्टरांना त्याच तासाला बोलवा. बाटलीनं बळजबरीनं घशात ओतलं तर फुप्फुसात जातं. नळीनं ओआरएस चालतं, दूध नाही. ते पहिल्या पोटात पडून आंबतं.

गोठा_सांगली: बरं, दूध चालू ठेवतो. पण गायीखालच्या वासराचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.