मदत हवी आहे: ४० मिनिटांच्या विज्ञान तासिकेसाठी मोजता येतील अशी उद्दिष्टे (आठवी, लिटमस)

ऐरोलीच्या_मॅडम
आठवीला विज्ञान शिकवते. पट ४८, तासिका ४० मिनिटांची. पुढच्या आठवड्यात आम्ल-आम्लारीमधली लिटमसची तासिका आहे. टाचणात लिहिलं होतं: ‘आम्ल व आम्लारी ही संकल्पना समजते. दर्शकांचे महत्त्व जाणतो. वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित होतो.’ मुख्याध्यापकांनी शेरा मारला, ‘घंटा झाल्यावर हे कसं तपासणार?’ त्यांचं म्हणणं पटतं, पण मग लिहू काय? फक्त या एका तासिकेपुरतं हवंय.

सानपाडा_बीएड
मॅडम, क्रियापदं बदला. ‘समजतो’, ‘जाणतो’ काढून ‘सांगतो’, ‘वर्गीकरण करतो’, ‘कारण देतो’ घाला. ब्लूमच्या वर्गीकरणात प्रत्येक पातळीची क्रियापदं मिळतात. शक्यतो वरच्या पातळीचं घ्या, म्हणजे ‘विश्लेषण करतो’ वगैरे. तेवढं केलं की झालं.

कळव्याचा_बाबा
मी शिक्षक नाही, पण लिटमस वाचून लिहावंसं वाटलं. मुलीला ‘आम्लात निळा लिटमस लाल होतो, आम्लारीत लाल लिटमस निळा होतो’ हे तोंडपाठ आहे. घरी मिठाच्या पाण्यात निळा कागद बुडवला, तो निळाच राहिला, तर म्हणाली, ‘बाबा, हे आम्लारी!’ शाळेत बरोबर शिकवतात ना?

ठाण्याचे_गुरुजी
कळव्याच्या बाबांनी नकळत मॅडमचं उद्दिष्टच सांगितलं. या तासिकेत मुलं हमखास इथेच अडतात. निळा कागद निळाच राहिला तर एवढंच कळतं, की द्रावण आम्लधर्मी नाही. ते आम्लारीधर्मी असेल किंवा उदासीन, ते लाल कागद बुडवल्यावरच ठरतं.

सानपाड्याचं अर्धं बरोबर आहे. क्रियापद दिसणारं हवंच. पण ‘वर्गीकरण करतो’ एवढ्यावर काही मोजता येत नाही. कशाचं वर्गीकरण, हातात काय देऊन, आणि किती जमलं म्हणजे जमलं, हेही लिहावं लागतं. आणि ‘विश्लेषण करतो’ लिहून तासिकेत व्याख्या पाठ करून घेतली, तर उद्दिष्ट कागदावरच राहतं.

मी असं लिहीन: ‘नावं न लिहिलेली चार रंगहीन द्रावणं आणि दोन्ही रंगांचे लिटमस दिल्यावर गट प्रत्येक द्रावण आम्लधर्मी, आम्लारीधर्मी की उदासीन ते ठरवतो, चारही बरोबर.’ आणि दुसरं, जे खरं महत्त्वाचं: ‘एकाच कागदाचा निकाल दिल्यावर, त्यावरून काय ठरतं आणि काय ठरत नाही, हे विद्यार्थी एकट्याने दोन वाक्यांत लिहितो.’ बस, दोनच. वैज्ञानिक दृष्टिकोन वर्षभराच्या नियोजनात ठेवा, एका तासिकेत तो मोजता येत नाही.

द्रावणं मात्र जपून निवडा. लिंबाचा रस आणि साबणाचं पाणी दिलंत तर मुलं वासावरून आणि फेसावरूनच सांगतील, कागद बघणारही नाहीत. लिंबूसत्व, धुण्याचा सोडा, मीठ आणि साखर यांची पातळ द्रावणं करा. चारही पाण्यासारखी दिसतात, आणि त्यात दोन उदासीन असल्यामुळे अंदाज चालत नाही. खाण्याचा सोडा नको, त्यात लाल कागदाचा रंग फिका बदलतो आणि वाद होतात. चव घ्यायची नाही, हे आधीच बजावा.

ऐरोलीच्या_मॅडम
गुरुजी, हे खूप उपयोगी आहे. पण सहा-सहाचे आठ गट केले तरी साहित्य वाटण्यात दहा मिनिटं जातात. आणि गटात एकच मुलगी कागद बुडवते, बाकीचे तिचं बघून लिहितात.

ठाण्याचे_गुरुजी
म्हणूनच पहिलं उद्दिष्ट गटाचं आणि दुसरं एकट्याचं ठेवलंय. शेवटची सात मिनिटं राखून ठेवा. फळ्यावर लिहा: ‘द्रावण क मध्ये निळा लिटमस निळाच राहिला. क बद्दल नक्की काय सांगता येईल? पुढे काय कराल?’ प्रत्येकाला वहीचं चतकोर पान द्या. ‘आम्लधर्मी नाही, लाल लिटमस बुडवून बघेन’ असं आलं की जमलं. ‘आम्लारी आहे’ लिहिणाऱ्यांचा गठ्ठा वेगळा काढा. एका ओळीचं उत्तर असल्यामुळे ४८ पानं मधल्या सुट्टीत बघून होतात.

सानपाडा_बीएड
पण गुरुजी, ज्याला मराठीत वाक्य लिहायलाच जड जातं, त्याचं विज्ञान मोजतोय की भाषा?

ठाण्याचे_गुरुजी
रास्त शंका आहे. अशा मुलांना मी तोंडी विचारतो, पण सात मिनिटांत पाच-सहाजणच होतात. त्यावर पुरता उपाय मला मिळालेला नाही.

ऐरोलीच्या_मॅडम
मी दोन्ही तसंच लिहिते. फक्त एक: वर्गातल्या किती मुलांना जमलं म्हणजे पुढे जायचं? मुख्याध्यापक ८० टक्के लिहा म्हणतात.

ठाण्याचे_गुरुजी
त्याला नियम नाही. पुढच्या तासिकेत उदासिनीकरण असेल, तर ‘आम्लारी आहे’ म्हणणारे दहाजणही मला जास्त वाटतील, कारण त्यांच्या लेखी उदासीन असं काही नसतंच. दुसरा पाठ असेल तर मी पुढे जाईन. तुमचा पुढचा तास कशाचा आहे?