ऐंशी ओलांडली तरी मुलाखत

"बाबा ८१ वर्षांचे आहेत, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाला मुलाखत लागणार नाही ना?"

लागू शकते. ७९ च्या वरच्यांना असलेली सूट २ सप्टेंबर २०२५ पासून गेली. आता वय नाही, जुन्या व्हिसाची तारीख बघतात. दहा वर्षांचा बी१/बी२, म्हणजे फिरायला किंवा कामानिमित्त जाण्याचा व्हिसा, संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केल्यास सहसा मुलाखत टळते. तरीही अधिकारी बोलावू शकतात.

आमच्या नांदेडच्या मावशींची ही मुदत हुकली. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी. देवगिरीने रात्रभर प्रवास करून मुंबईत मुक्काम करावा लागला. गुडघेदुखीच्या माणसाला हे फार जड जातं हो! म्हणून आजच पासपोर्ट उघडून व्हिसावरची शेवटची तारीख बघा.