मदत हवी आहे: हंगेरियन सहकारी ताईंना नामदिनाच्या शुभेच्छा

नमस्कार मंडळी, बुडापेस्टच्या ऑफिसात आमच्या टीममध्ये कातालिन नावाच्या ताई आहेत, सगळे त्यांना काती म्हणतात. २५ नोव्हेंबरला त्यांचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावासाठी कॅलेंडरात ठरलेला दिवस आहे. मी चॅटवर टाकायला हे लिहिलंय:

```
Boldog névnapot kívánok, Kati!
```

उच्चार साधारण ‘बोल्डोग नेवनॉपोत कीवानोक’. शेवटचा शब्द म्हणजे ‘इच्छिते’, म्हणून ‘नेवनॉप’ला कर्माचा ‘ओत’ लागतो. शेवटचा शब्द गाळला तरी ‘ओत’ तसाच राहतो.

गेल्या वर्षी मी घाईत ‘सुलेतेशनॉपोत’ लिहिलं, म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा! ताईंनी प्रेमाने समजावलं. वाढदिवस ज्याचा त्याला आणि घरच्यांना ठाऊक. नामदिन मात्र तिथल्या कॅलेंडरवर छापलेला असतो. नाव माहीत असलं की तारीख कळते, वय विचारावं लागत नाही. म्हणून ऑफिसात शुभेच्छा सहज दिल्या जातात. काही नावांना वर्षात अनेक तारखा असतात, तेव्हा माणूस कोणती पाळतो ते विचारून घ्यावं लागतं. कातीताई २५ नोव्हेंबरच पाळतात.

आता अडलंय ते असं. मला ‘तुला’ किंवा ‘तुम्हाला’ असा शब्द जोडायचाय. ‘नेकेद’ जवळिकीचा, ‘अन्नेक’ आदराचा. ताई माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, पण भेटल्यावर त्या मला ‘सिया’ असं जवळिकीचं ‘हाय’च म्हणतात. मराठी मनाला ‘नेकेद’ लिहिताना हात अडखळतो. हंगेरीत राहिलेल्या कुणी सांगाल का, काय शोभेल? की तो शब्द गाळणंच बरं?