ताण वाढला की घोट्यावरचा चट्टा पेटतो. हात कसा आवरायचा?

रेवती_क
डाव्या घोट्याच्या वर तळहाताएवढा चट्टा आहे. त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात इसबाचाच प्रकार, खाजवून खाजवून चामडी जाड झाली आहे. दिलेल्या स्टेरॉइड मलमाने उतरतो, पण महिनाअखेरीची कामं आली की पुन्हा लाल. गंमत म्हणजे दिवसभर आठवणही येत नाही. संध्याकाळी मोजे काढून बसले की हात आपोआप तिकडे जातो. क्षणभर बरं वाटतं, मग आग, मग दुप्पट खाज. नवीन मलम, साबण, तेल सुचवू नका, घरात ढीग पडलाय. झोप आणणारी गोळीही नको. फक्त हात कसा थांबवू ते सांगा.

सुहास_७१
मी सेरामाइडवालं मॉइश्चरायझर आणलं आणि मानेची खाज गेली. महाग आहे, पण एकदा घेऊन बघाच. सोबत त्याच कंपनीचा साबण घ्या.

मधुरा
खाज म्हणजे ॲलर्जी. ॲलर्जीची गोळी घ्या, विषय संपला. ताणबिण सगळे म्हणतात, पण रक्तातच काहीतरी असतं.

त्वचाविभाग_परिचारिका
मधुराताई, पित्ताच्या गांधी उठतात तेव्हा ती गोळी छान चालते, कारण तिथे खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे असते. इसबाची खाज बरीचशी वेगळ्या रसायनांमुळे होते, म्हणून गोळीचा उपयोग थोडाच. जुन्या गोळ्यांनी गुंगी येते एवढंच, आणि रेवतीला तीच नकोय.

ताणाचं म्हणाल तर तो खराच आहे. ताणात त्वचेचं वरचं आवरण सावकाश भरून येतं आणि मज्जातंतूंच्या टोकांतून दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात. कामात असताना लक्ष दुसरीकडे असतं, म्हणून बसल्यावर खाज जाणवते. नखाने ओरबाडलं की वेदनेमुळे खाज क्षणभर दबते, तेच ते बरं वाटणं. पण ओरखड्याने दाह वाढतो, चामडी आणखी जाड होते आणि ती जाड चामडीच पुन्हा खाजते.

आमच्याकडे शिकवतात ते असं. पहिला आठवडा खाजवणं थांबवायचं नाही, फक्त मोजायचं. छोटं मोजणी यंत्र किंवा कागदावर रेघ. हात कधी, कुठे बसल्यावर जातो ते त्यात दिसतं. मग हात निघाला की दोन्ही मुठी घट्ट वळून तीसेक सेकंद थांबायचं. तरीही खाज उरली तर चट्ट्यावर नखाचा सपाट भाग दाबून धरायचा, घासायचं नाही. नुसतं 'खाजवू नकोस' म्हणून भागत नाही, हाताला दुसरं काम द्यावं लागतं.

अजय_प
माझंही असंच होतं! गोल चट्टा, मी घरातलं स्टेरॉइड मलम लावत राहिलो, आधी दबला मग पसरला. शेवटी नायटा निघाला.

त्वचाविभाग_परिचारिका
अजय, तुमचा मुद्दा कामाचा आहे. कड उठलेली, मध्ये साफ आणि गोल पसरत जाणारा असेल तर मलम लावण्याआधी तपासून घ्या. रात्री सगळ्या अंगाला खाज आणि घरातल्या इतरांनाही असेल तर खरूज बघावी लागते. रेवतीचा चट्टा मात्र तज्ज्ञांनी पाहिलाय.

सुहास_७१
तेच म्हणतोय, मुळात त्वचा कोरडी असते. मॉइश्चरायझर!

कांचन_म
कोरडेपणाचं बरोबर आहे, पण तिच्याकडे ढीग आहे ना! आहे तेच आंघोळीनंतर लगेच, थोडं जास्त लावलं तर पुरे. माझ्या मुलाला थंड ओल्या कापडाने दहा मिनिटं खाज दबते, बर्फ थेट लावत नाही. नखं बारीक कापून ठेवतो. गरम पाण्याने आंघोळीत मजा वाटते, पण नंतर खाज जास्तच होते.

मधुरा
आमच्याकडे सगळे म्हणतात मन शांत ठेवा. मन शांत झालं की चामडीही शांत.

त्वचाविभाग_परिचारिका
ताण कमी झाला तर मदत होते, पण लागलेली सवय तशीच राहते. दोन्ही वेगवेगळं हाताळावं लागतं. आणि चट्टा दिसायला बरा झाला तरी आत दाह उरतो, म्हणून मलम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सावकाश थांबवा.

रेवती_क
सगळ्यांचे आभार. मोजणी मात्र मी करणार नाही. दिवसभर आकड्यांतच असते, अजून एक यादी मला झेपणार नाही. माझी वेळ मला माहीत आहे: मोजे काढल्यावरचा तास. त्या तासात मुठीचा प्रकार करेन आणि घोट्याला सुती पट्टी गुंडाळून बसेन. प्लास्टिक गुंडाळलं तर अजून बरं का?

त्वचाविभाग_परिचारिका
प्लास्टिक नको. खाली स्टेरॉइड असेल तर ते जास्त शोषलं जातं आणि कातडी पातळ पडू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. सुती पट्टी चालेल. मोजणीचा आग्रह मात्र सोडत नाही. आपण समजतो त्यापेक्षा हात पुष्कळदा जातो, फोनवर बोलताना आणि झोपेतसुद्धा.

रेवती_क
झोपेतल्यासाठी पट्टी रात्रभर ठेवते. फोनचं लक्षात ठेवीन.

सुहास_७१
मॉइश्चरायझरचं नाव हवं असेल तर सांगा, निरोप टाकतो.